चिनी, कोरियन, जपानी सहकाऱ्यांना मेल लिहिताना आडनाव नेमकं कुठलं धरायचं?

चाकणचा_चक्रधर

मंडळी, जरा घाईचं काम आहे. आमची ऑटो पार्ट्सची कंपनी, नवीन प्रोजेक्टमध्ये कस्टमर जपानी, डाय बनवणारा व्हेंडर कोरियन आणि कास्टिंगचे काही पार्ट चीनमधून येणार. सोमवारी सगळ्यांना माझ्याकडून पहिली मेल जायची आहे आणि साहेबांचं म्हणणं की 'डिअर ऑल' चालणार नाही, प्रत्येकाला वेगळी मेल, नावानिशी. आता ही नावं बघा (नावं बदललीत, पण लिहिण्याची पद्धत जशी माझ्या लिस्टमध्ये आहे तशीच ठेवलीय):

```
TANAKA Kenji
Yuki Mori
Kim Min Jun
Zhang Xiaohong
Wei Lin
Kevin Chen
```

यात आडनाव कुठलं नि नाव कुठलं? आणि कळलं तरी लिहायचं काय, आडनाव की नाव? बाई आहे का बुवा तेही माहीत नाही, त्यामुळे मिस्टर-मिस पण लावता येत नाही.

रावसाहेब_१९६२

एवढं काय अवघड आहे त्यात. चीन, कोरिया, जपान तिन्हीकडे आडनाव आधी आणि नाव नंतर, हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. माओ त्से-तुंग मधलं माओ आडनाव, किम इल-सुंग मधलं किम आडनाव. पहिला शब्द आडनाव म्हणून धरा आणि मोकळे व्हा. तानाका, युकी, किम, झांग, वेई. मी एक्सपोर्टमध्ये होतो, आमचं काही अडलं नाही.

झणझणीत

आणि सहावा मिस्टर केविन का रावसाहेब? 😀

काही म्हणा पण २०१४ ला दूरदर्शनच्या बातम्यांत शी जिनपिंगचं 'इलेव्हन जिनपिंग' झालं होतं ते आठवलं. Xi म्हणजे रोमन अकरा. त्यापुढे चक्रधररावांचं काहीही चुकलं तरी खपून जाईल.

दगडफूल

हा प्रॉब्लेम माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. मी जॉईन होताना एचआरला तीच मार्कशीट दिली, त्यांनी शेवटचा शब्द लास्ट नेममध्ये टाकला आणि आता आमच्या जर्मनीच्या ऑफिसमधून मला मेल येते 'मिस सुरेश'. सुरेश माझे बाबा. आयटीला तिकीट टाकलं तर म्हणे पासपोर्टची कॉपी द्या, पासपोर्टवर बरोबर आहे, पण पगाराच्या स्लिपवर चुकीचं, मग बँकेत वेगळं. कोणाला असं नाव बदलून घ्यायची प्रोसेस माहीत आहे का? गॅझेट करावं लागतं का?

चाकणचा_चक्रधर

दगडफूल, तुमचा वेगळा धागा काढा हो, इथे माझी सोमवारची मेल अडकलीय. पण रावसाहेब, पहिला शब्द आडनाव धरायचं तर मग युकी मोरी मधलं युकी आडनाव? माझ्या बायकोनं बघितलेल्या कार्टूनमध्ये युकी हे पोरीचं नाव होतं.

सदाफुली

बरीच वर्षं नागोयाला आहे, तिथेही ऑटोवालेच सगळे, त्यामुळे जपानपुरतं सांगते.

रावसाहेब अर्धे बरोबर आहेत. जपानीत लिहिताना, बोलताना आडनाव कायम आधी, त्याला अपवाद नाही. पण इंग्रजीत लिहायची वेळ आली की मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, जपानी लोक स्वतःच नाव उलटं करून, म्हणजे आपलं नाव आधी नि आडनाव नंतर असं लिहित आलेत, शाळेत पण तसंच शिकवायचे. म्हणून आपण वर्तमानपत्रात कायम शिंझो आबे वाचलं, आणि त्याच वेळी त्याच पानावर शी जिनपिंग आणि मून जे-इन हे आडनाव आधी धरून छापलेलं असायचं. ही गोष्ट त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांना खटकली, तारो कोनो यांनी २०१९ मध्ये परदेशी मीडियाला सांगितलं की बाबांनो आबे शिंझो लिहा. तसं २००० सालीच त्यांच्या राष्ट्रीय भाषा परिषदेनं सुचवलं होतं पण कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग १ जानेवारी २०२० पासून सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी असं ठरलं, आणि गोंधळ होऊ नये म्हणून गरज पडेल तिथे आडनाव सगळं कॅपिटलमध्ये.

पण हे सरकारी कागदाला. कंपन्यांवर सक्ती नाही. त्यामुळे आत्ता परिस्थिती अशी आहे की एकाच डिपार्टमेंटमध्ये एक जण `TANAKA Kenji` लिहितो आणि त्याच्या शेजारचा `Yuki Mori`, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या लिस्टमध्ये नेमकं तेच झालंय. तानाका कॅपिटलमध्ये म्हणजे आडनाव, तिथे शंकाच नको. दुसऱ्यात मोरी हे आडनाव असणार, युकी नाव. त्यांचा मेल आयडी बघा बरं, बहुतेक `y.mori` किंवा `mori-y` असा काहीतरी असेल. जे एका अक्षरावर उरकलेलं असतं ते नाव आणि जे पूर्ण लिहिलेलं असतं ते आडनाव, जपानी कंपन्यांत हा अंदाज सहसा चुकत नाही.

आणि बाई-बुवा प्रश्न जपानपुरता सुटलाच म्हणून समजा, आडनावापुढे 'सान' लावा, सगळ्यांना चालतं. डिअर तानाका-सान, डिअर मोरी-सान. युकी पुरुषाचं पण असतं बाईचं पण, तुम्हाला कळायची गरजच नाही. फक्त केन्जी-सान, युकी-सान असं लिहायला जाऊ नका, पहिल्या मेलमध्ये तर नकोच. ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी बसणारी माणसं पण एकमेकांना आडनावानं हाक मारतात.

चाकणचा_चक्रधर

सदाफुली ताई, आत्ताच बघितलं, `y.mori` च आहे! दोन सुटले.

रावसाहेब_१९६२

मी म्हणलो ते चुकीचं नाही, जपानी लोक स्वतःचं नाव उलटं लिहितात यात माझा काय दोष. मूळ पद्धत आडनाव आधीच. आमच्या वेळी तानाका आधी लिहिलेलं असायचं.

हानकिनारी

सोलमध्ये राहते, नवरा आणि मी दोघं इथल्याच कंपन्यांत. कोरियाचं थोडं.

`Kim Min Jun` मध्ये किम आडनाव आहे हे कोणीही सांगेल कारण इथे दर पाच माणसांत एक किम आहे, किम-ली-पार्क मिळून जवळजवळ निम्मा देश होतो. उरलेले मिन आणि जुन हे दोन शब्द मिळून एक नाव आहे. मिन-जुन. मधलं नाव असा काही प्रकार इथे नसतो. हेच सिस्टीमला कळत नाही, तिला वाटतं तीन शब्द म्हणजे फर्स्ट, मिडल, लास्ट. मग त्या माणसाला मेल जाते 'डिअर मिन', आणि तो जर `Min Jun Kim` असं लिहित असेल तर हमखास. नुसतं मिन म्हणजे अर्धंच नाव झालं, कोणी त्याला तसं म्हणत नाही. म्हणूनच पुष्कळ कोरियन लोक मध्ये जोडरेघ देतात किंवा जोडून लिहितात, `Min-jun`, `Minjun`. जोडरेघ दिसली की ते नाव, आडनाव नाही, हे लक्षात ठेवलं की कोरियन (आणि तैवानच्या पण) बऱ्याच नावांचा निकाल लागतो.

पण नुसत्या उच्चारावर जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून आणि इथले माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन घ्या. पहिल्यात मून हा नावाचा शेपटीचा भाग, आडनाव बान. दुसऱ्यात मून हेच आडनाव. आणि गंमत म्हणजे चिनी अक्षरात लिहिलं तर दोन्हीकडे अक्षर एकच आहे. बान साहेबांना मिस्टर मून म्हणणारे मी स्वतः ऐकलेत.

स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नका. पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही आणि पुढे झालेले ली म्युंग-बाक, दोघांचं आडनाव कोरियनमध्ये एकच, 이. उच्चार साधारण 'ई'. एकानं Rhee लिहिलं, एकानं Lee, कोणी Yi लिहितं. वर ऱ्ही साहेबांचं आडनाव शेवटी आणि ली साहेबांचं आधी! तेव्हा ज्यानं स्वतःचं स्पेलिंग जसं केलंय तसंच्या तसं कॉपी पेस्ट करा, 'सुधारून' लिहू नका.

झणझणीत

दर पाचात एक किम म्हणजे मीटिंगमध्ये 'मिस्टर किम' म्हणलं की अर्धं टेबल वळून बघणार. आमच्या गावात सगळे पाटील आहेत तसं.

हानकिनारी

होतंच तसं. म्हणून इथे आडनाव + हुद्दा + 'निम' असं बोलतात. किम ग्वाजांग-निम म्हणजे मॅनेजर किम, पार्क बुजांग-निम म्हणजे त्याच्या वरचा. इंग्रजी मेलमध्ये कोरियन लोक याचंच भाषांतर करून 'डिअर मॅनेजर किम' लिहितात, आपल्याला ते विचित्र वाटतं पण त्यांना नाही. चक्रधर, सहीत हुद्दा लिहिलेला असेल तर तुम्ही तसं लिहिलं तरी चालेल, नाहीतर डिअर किम मिन-जुन असं पूर्ण नाव, किंवा पुरुष आहे हे नक्की माहीत असेल तर मिस्टर किम.

एक मात्र करू नका. कुठेतरी नेटवर वाचून 'किम-सी' लिहू नका. जपानी सान सारखंच कोरियन 'सी' असं लोक सांगतात पण ते पूर्ण नावाला लागतं, किम मिन-जुन-सी. नुसत्या आडनावाला लावलं की 'ए किम्या' च्या जवळपास जातं.

माळावरचा_म्हसोबा

चीनचा राहिलाय ना, मी घेतो. सोर्सिंगच्या कामानं ग्वांगडोंगला जाणं-येणं असतं.

झांग शिआओहोंग सोपं आहे. चिनी आडनावं बहुतेक एका अक्षराची, वांग, ली, झांग, ल्यू, चेन. नाव एक किंवा दोन अक्षरांचं, आणि पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत, दोन अक्षरं जोडून लिहितात. म्हणून लांब दिसणारा शब्द नाव आणि आखूड शब्द आडनाव, मग तो आधी असो वा नंतर. `Zhang Xiaohong` काय आणि `Xiaohong Zhang` काय, झांगच आडनाव. ओउयांग, सिमा, झुगे अशी काही जोड-आडनावं आहेत तिथे हा नियम फसतो, पण ती मोजकी आहेत.

खरी गोची आहे ती तुमची `Wei Lin`. दोन्ही एकेक अक्षराचे शब्द, वेई पण आडनाव असतं, लिन पण आडनाव असतं, आणि दोन्ही नाव म्हणून पण चालतात. चिनीत ती वेगवेगळी अक्षरं असतात पण रोमन लिपीत आली की सगळी वेई सारखीच दिसतात. इथे क्रम बघून काही कळणार नाही. चिनी लोक इंग्रजीत कधी आपला क्रम ठेवतात, त्यांचं सरकारी प्रमाण पण आडनाव आधीच सांगतं, पण परदेशी कस्टमरशी बोलणारे सेल्सवाले सर्रास उलटं करतात. मग त्यानं उलटं केलंय का नाही हे कशावरून ठरवायचं? अंदाज करू नका, पुरावा शोधा.

चक्रधर, त्या वेई लिनच्या जुन्या मेल काढा. पहिलं बघा मेल आयडी. मग सहीत खाली चिनी अक्षरात नाव आहे का बघा, कोटेशनच्या पीडीएफवर असतं, व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला असतं. चिनी अक्षरातला क्रम कधीच उलटा होत नाही. पहिलं अक्षर आडनाव. तेवढं मिळालं की काम झालं.

चाकणचा_चक्रधर

मेल आयडी `lin.wei` असा आहे आणि सही `Wei Lin`. म्हणजे आयडी एक सांगतो नि सही दुसरं 🤦 पण सहीच्या खाली चिनीत आहे, हे बघा:

```
林薇
Wei Lin
```

मला काय कळतंय त्यातलं.

माळावरचा_म्हसोबा

कळायला काही नको. पहिलं अक्षर नीट बघा, एकसारख्या दोन आकृत्या शेजारी शेजारी उभ्या आहेत ना, दोन झाडं असल्यासारख्या? ते लिन. चीनमधलं चांगलं प्रचलित आडनाव. म्हणजे आडनाव लिन, नाव वेई, आणि इंग्रजी सही उलटी केलेली आहे. मेल आयडी बनवणाऱ्यानं चिनी क्रम ठेवला. दुसरं अक्षर ज्या वेईचं आहे ते मुलींच्या नावात जास्त दिसतं, म्हणजे बाई असण्याची शक्यता बरीच, पण तेवढ्यावर मिस लिन लिहिण्यापेक्षा सरळ पूर्ण नाव लिहा. डिअर लिन वेई. चिनी सहकारी एकमेकांना पूर्ण नावानंच हाक मारतात, विशेषतः असं दोनच अक्षरी नाव असलं की. त्यात उद्धटपणा नाही.

सदाफुली

म्हसोबा, मस्त. आणि तुमच्या मोरी-सानच्या सहीत जपानी ओळ असेल तर तिथे तीच आकृती तीन वेळा दिसेल बघा, एक वर दोन खाली, 森.

फक्त जपानीत एक अडचण आहे, चिनी-कोरियनसारखं 'पहिलं अक्षर म्हणजे आडनाव' असं नसतं. तानाका दोन अक्षरं, मोरी एक, हासेगावा तीन. पण सहीत बहुतेक जण आडनाव आणि नाव यांच्या मध्ये जागा सोडतात, तिथे तोडायचं.

एक्सेलवीर

धागा वाचतोय, भारी माहिती. पण चक्रधर, तुम्ही सहा जणांबद्दल विचारताय, आमच्याकडे शेकडो कॉन्टॅक्ट असतात आणि मेल मर्ज करणारा माणूस असं काहीतरी लावून बसतो:

```
="Dear Mr. "&TEXTAFTER(A2," ",-1)
```

म्हणजे शेवटचा शब्द आडनाव. मग तुमच्या लिस्टवर काय होईल बघा: मिस्टर केन्जी, मिस्टर मोरी, मिस्टर जुन, मिस्टर शिआओहोंग, मिस्टर लिन, मिस्टर चेन. म्हणजे निम्मे बरोबर निम्मे चूक, आणि वाईट हे की जे बरोबर आलेत ते पण नशिबानं. रावसाहेबांचा पहिला शब्द धरला तरी तेच, फक्त चुकणारे वेगळे. फॉर्म्युलानं हे सुटत नाही. शीटमध्ये एक जादा कॉलम घ्या 'ग्रीटिंग', त्यात हातानं एकदाच लिहून ठेवा `Tanaka-san`, `Kim Min-jun`, `Lin Wei`, आणि मेल मर्ज त्या कॉलमला जोडा. नावाचा मूळ कॉलम तोडायचा फोडायचा नाही.

आणि वर कोणी म्हणालं नाही म्हणून सांगतो, आउटलुकमध्ये `Jun, Kim Min` असा स्वल्पविराम दिसला की लोक म्हणतात स्वल्पविरामाच्या आधीचं आडनाव. नियम बरोबर आहे, पण ती एंट्री त्यांच्या कंपनीनं केलीय का तुमच्या आयटीतल्या पोरानं, ते बघा. बाहेरचे व्हेंडर लोक आपल्या अ‍ॅड्रेस बुकात आपलाच माणूस टाकतो आणि तो शेवटचा शब्द उचलून पुढे आणतो.

दगडफूल

बघा, मी तेच तर सांगत होते! मिस्टर जुन आणि मिस सुरेश एकाच कारखान्यातून निघालेत. मला अवांतर म्हणून हाकललंत 😤

चाकणचा_चक्रधर

दगडफूल, माफी 🙏 आमच्या अ‍ॅड्रेस बुकात खरंच `Jun, Kim Min` आहे, एक्सेलवीरांनी ते कुठून ओळखलं देव जाणे. त्यांच्या स्वतःच्या सहीत `Kim Min Jun` आहे, तेच धरतो, खाली मॅनेजर लिहिलंय.

जोडरेघ मी माझ्या मनानं घालू का? ते घालत नाहीत.

हानकिनारी

नका घालू. मी वर बोलताना जोडरेघ दिली ती समजायला. ते जसं लिहितात तसं, तीन सुटे शब्द. `Dear Manager Kim` लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही.

रावसाहेब_१९६२

एवढा खल करण्यापेक्षा सरळ विचारावं माणसानं. तुमचं आडनाव कुठलं, आम्ही काय म्हणू. लाजायचं काय त्यात.

सदाफुली

रावसाहेब, विचारायला हरकत नाही पण कोणाला आणि कधी ते बघावं. माझ्या मते पहिल्याच मेलमध्ये कस्टमरच्या सीनियर माणसाला विचारणं बरं दिसत नाही, त्याच्या सहीत ते लिहिलेलं असताना तर नाहीच. त्यांच्याकडच्या ज्युनियरला, किंवा आपली ओळख करून देणाऱ्या माणसाला विचारता येतं.

माळावरचा_म्हसोबा

माझा अनुभव उलटा आहे, चीनमध्ये मी थेट विचारतो, वीचॅटवर दोन ओळी टाकल्या की लगेच उत्तर येतं आणि उलट त्यांना बरं वाटतं की विचारलं. जपानचं ताईंना माहीत.

हानकिनारी

मी कोरियात विचारते पण हुद्दा विचारते, आडनाव नाही. हुद्दा सांगताना माणूस आपोआप आडनावासकट सांगतो.

चाकणचा_चक्रधर

केविन चेन राहिलाच. तो तर सरळ आहे ना? डिअर केविन?

माळावरचा_म्हसोबा

हो, डिअर केविन बिनधास्त. त्यानं इंग्रजी नाव घेतलंय ते तुम्ही वापरावं म्हणूनच. इंग्रजी नाव लावलं की क्रम पण इंग्रजी होतो, आडनाव शेवटी, जसे टीएसएमसीचे मॉरिस चँग किंवा अलीबाबाचे जॅक मा. हाँगकाँगला मात्र तिसराच प्रकार दिसतो, टोनी लिऊंग चिऊ-वाई, म्हणजे इंग्रजी नाव, मग आडनाव, मग चिनी नाव. तिथे आडनाव मध्ये बसलेलं असतं. तसा कोणी आला तर शेवटचा शब्द धरू नका आणि पहिला पण धरू नका.

एक्सेलवीर

घ्या, माझ्या फॉर्म्युल्याला आता मधला शब्द पण लागणार 😂

चाकणचा_चक्रधर

मेल गेल्या सगळ्या. तानाका-सान, मोरी-सान, मॅनेजर किम, झांग शिआओहोंग, लिन वेई, केविन. लिन वेईंचं उत्तर पण आलं, खाली सही नुसतीच 'वेई' केलीय. आता पुढच्या मेलला डिअर वेई करू का?

आणि दुसरं, मीटिंगचे मिनिट्स काढायचेत त्यात सगळ्यांची नावं एका टेबलात येणार. तिथे कुठला क्रम?

माळावरचा_म्हसोबा

तिनं/त्यानं स्वतः वेई सही केली म्हणजे परवानगी दिली, डिअर वेई करा. मिनिट्समध्ये सगळ्यांचं आडनाव आधी आणि कॅपिटलमध्ये, LIN Wei, KIM Min Jun, MORI Yuki, आपल्या लोकांचं पण PATIL वगैरे आधी. एकच पद्धत, वाचणाऱ्याला शंका नाही.

सदाफुली

मला नाही पटत. मोरी-सान स्वतः `Yuki Mori` लिहितात तर आपण कोण बदलणारे? ज्यानं त्यानं जसं लिहिलंय तसा क्रम ठेवा, फक्त आडनाव कॅपिटल करा. Yuki MORI. कॅपिटलमुळे कळतंच की. नाहीतर तेच मोरी-सान एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे होतात.

माळावरचा_म्हसोबा

ताई, मग टेबल आडनावानुसार लावायचं कसं? वीस जणांत एकाचं आडनाव डावीकडे, एकाचं उजवीकडे.

एक्सेलवीर

दोन कॉलम. 'आडनाव' वेगळा आणि 'मेलमध्ये जसं लिहितात तसं' वेगळा. माझ्याकडे असंच आहे. पण प्रिंटमध्ये रुंद होतं हे खरं.

रावसाहेब_१९६२

म्हणजे शेवटी आडनाव आधीच ना. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो!

झणझणीत

रावसाहेबांना एक कॅपिटलमधलं +१

चाकणचा_चक्रधर

मिनिट्सचं साहेबांवर सोडतो. पण आता अजून एक लफडं. पुढच्या महिन्यात लिन वेई, केविन आणि मोरी-सान प्लांट व्हिजिटला येणार, मला व्हिसाचं इन्व्हिटेशन लेटर आणि हॉटेल बुकिंग करायचंय. हीच नावं टाकू ना?

सदाफुली

नको!! पासपोर्टचं पहिलं पान मागवा, कोणाचंही. मोरी-सान बाई असतील आणि लग्न झालेलं असेल तर पासपोर्टवर आडनाव वेगळं निघू शकतं. जपानी कायद्यानं नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, बहुतेक वेळा बायकोच बदलते, पण ऑफिसात मात्र पुष्कळ जणी जुनंच चालू ठेवतात. मेलमध्ये मोरी-सानच म्हणायचं, लेटरवर पासपोर्टचं. चीन-कोरियात हा प्रश्न येत नाही, तिथे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत.

माळावरचा_म्हसोबा

आणि चीनच्या पासपोर्टवर 'केविन' सहसा कुठेच नसतो. चेन पुढे काहीतरी वेगळंच चिनी नाव असेल. हॉटेलचं बुकिंग केविन चेन नावानं केलंत तर रात्री दोनला रिसेप्शनवर पासपोर्ट बघून तो पोरगा म्हणणार या नावाचं बुकिंगच नाही. लेटर आणि बुकिंग दोन्हीवर पासपोर्टात सरनेम आणि गिव्हन नेम जसं छापलंय तसं, एक अक्षर इकडेतिकडे नको. गाडीच्या ड्रायव्हरच्या हातातल्या पाटीवर मात्र केविन चेन लिहा, नाहीतर विमानतळावर तो पाटीसमोरून निघून जाईल.

चाकणचा_चक्रधर

पासपोर्टच्या कॉपी मागवल्या. केविनची आली, चेन पुढे Zhiqiang आहे. याचा उच्चार काय करायचा? गेटवरच्या सिक्युरिटीला पासवर देवनागरीत लिहून द्यायचंय.

माळावरचा_म्हसोबा

झ-छियांग, साधारण. Q ला छ.